‘अभिनंदन, आपल्या प्रभागात जलतरण तलाव झाला!’ या पोस्टचं काय करायचं?

पावसाळा आला की खड्ड्यांवरच्या पोस्टना ऊत येतो. खड्ड्यात होडी सोडलेली असते, वडाचं रोप लावलेलं असतं, कुणीतरी फीत कापतं. हसू येतं, आपण शेअर करतो आणि खड्डा आहे तिथेच राहतो. उपरोध वाईट असतो असं मुळीच म्हणायचं नाही. टोमण्याशिवाय आपल्याकडे वरणभातही उतरत नाही. पण उपरोधिक पोस्टमध्ये कामाची माहिती असूनही ती विनोदाखाली गाडली जाते. ती वर काढायची आणि धार मात्र जाऊ द्यायची नाही, हे कसं जमतं ते एका नमुन्यावर दाखवतो. नमुना रचलेला आहे, पण असं दर आषाढात वाचायला मिळतं:

“अभिनंदन! आपल्या प्रभागात अखेर जलतरण तलाव झाला. प्रवेश विनामूल्य, खोलीची हमी नाही. प्रत्येक दुचाकीस्वाराला मणक्याची मालिश मोफत. गेल्याच आठवड्यात मुरूम टाकून तळाची सजावट केली होती, ती पहिल्या सरीत वाहून गेली. करदात्यांचा पैसा असा खाणाऱ्या साहेबांना साष्टांग दंडवत. पुढच्या निवडणुकीत होडी द्या, मत पक्कं!”

पोस्ट चुरचुरीत आहे. पण रस्ते विभागातल्या कनिष्ठ अभियंत्यानं ती समजा अगदी मनापासून वाचली, तरी उद्या सकाळी त्यानं नेमकं कुठे जायचं? रस्त्याचं नाव नाही, तारीख नाही, मागणी नाही. ‘साहेब’ म्हणजे नगरसेवक, आयुक्त की कंत्राटदार, तेही कळत नाही, त्यामुळे तिघंही ‘आपल्याला नाही म्हटलं’ असं समजून मोकळे होतात. त्यात पोस्टचा स्क्रीनशॉट चार व्हॉट्सॲप ग्रुप फिरून आला की ‘अभिनंदन’ शब्दशः घेणारेही भेटतात. खाली ‘साहेबांचं काम बोलतंय’ अशी कमेंट येते आणि ती खरी की टोमणा, हे कुणालाच सांगता येत नाही.

आता प्रत्येक विनोदाखाली काय दडलंय ते बघा. ‘जलतरण तलाव’ म्हणजे पाणी साचतंय, म्हणजेच निचरा होत नाही. ‘खोलीची हमी नाही’ म्हणजे पाण्याखाली खड्डा दिसत नाही. ‘मालिश’ म्हणजे दुचाकीवाल्यांना धोका आहे. सगळ्यात मोलाचं वाक्य मुरुमाचं आहे, कारण त्यातून कळतं की दुरुस्ती झाली होती आणि ती टिकली नाही. खरी बातमी ती आहे, आणि मूळ पोस्टनं ती ‘सजावट’ म्हणून उडवून लावली.

ही बातमी का, ते समजून घ्यायला खड्डा कसा पडतो ते माहीत हवं. डांबरी थराला तडा जातो, त्यातून पाणी आत शिरतं, खडी आणि डांबर यांची पकड सुटते आणि वरून जाणारी चाकं तो सुटलेला माल उखडून बाहेर फेकतात. मूळ कारण पाणी. अशा ओल्या खड्ड्यात मुरूम किंवा सुटी खडी लोटली तर ती बांधली जात नाही आणि पुढच्या सरीत निघून जाते. नीट बुजवायचं तर खड्ड्याच्या कडा पक्क्या भागापर्यंत उभ्या कापून चौकोन करावा लागतो. मग सुटा माल आणि पाणी काढायचं, तळाला आणि कडांना डांबराचा पातळ हात द्यायचा, मिश्रण थराथरानं भरायचं आणि प्रत्येक थर दाबायचा. खोल खड्डा एकाच थरात भरून वरून रोलर फिरवला तर वरचा भाग घट्ट दिसतो, तळ मोकळाच राहतो आणि काही दिवसांत तिथे पुन्हा बशी होते. भर पावसात गरम डांबराचं काम होत नाही, त्यासाठी थंड मिश्रण असतं. पण तेही पाणी न उपसता ओतलं तर त्याचं मुरुमासारखंच होतं.

म्हणून ‘खड्डा बुजवा’ ही मागणी धारदार वाटली तरी बोथट आहे. टोपलीभर मुरूम टाकला, फोटो काढला, तक्रार ‘निकाली’. मागणी अशी हवी की ती खोट्यानं निकाली काढता येणार नाही. माझ्या मते पोस्टची धार विशेषणांत नसते, ती या मागणीत असते.

लिहिण्याआधी थोडं बाहेरचं काम आहे. पहिलं म्हणजे रस्ता कुणाचा ते शोधा. शहरातून जाणारा रस्ता महापालिकेचाच असेल असं नाही. तो सार्वजनिक बांधकाम विभागाचा, राज्य रस्ते विकास महामंडळाचा किंवा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचाही असू शकतो. महापालिकेला झोडणाऱ्या कितीतरी पोस्ट ‘सदर रस्ता आमच्या ताब्यात नाही’ या एका ओळीत संपतात, आणि ती ओळ खरी असते. प्रभाग कार्यालयात विचारलं तर कळतं. शिवाय तिथे आधी रीतसर तक्रार करून क्रमांक घ्या. क्रमांक नसलेल्या पोस्टला ‘आमच्याकडे तक्रारच आली नाही’ हे उत्तर तयार असतं.

दुसरं, मोजमाप. खड्ड्यावर सरळ पट्टी किंवा काठी आडवी ठेवा आणि तिच्या खालच्या कडेपासून तळापर्यंत टेपनं मोजा. पाणी असेल तर पट्टीला लागून उभी काठी तळापर्यंत बुडवा, पट्टीच्या खालच्या कडेशी खूण करा आणि तिथपर्यंत मोजा. एक फोटो टेपसह जवळून घ्या आणि एक लांबून, ज्यात दुकानाची पाटी किंवा विजेच्या खांबाचा क्रमांक दिसेल. फोटोत चप्पल ठेवण्याची पद्धत आहे, पण चप्पल सहा नंबरची की दहा, हे बघणाऱ्याला कसं कळणार? पडलेल्या माणसाचा चेहरा आणि गाड्यांचे नंबर पोस्टमध्ये नकोत. आणि हे सगळं वाहतूक नसताना, कुणीतरी मागे उभं राहून लक्ष ठेवत असताना करा.

मग पोस्ट अशी होते:

“भाजी मंडईकडून शाळा चौकाकडे येताना डाव्या हाताला, औषधाच्या दुकानासमोर, १ मीटर लांब, ७० सेंटीमीटर रुंद आणि ११ सेंटीमीटर खोल खड्डा आहे. १२ जूनला त्यात मुरूम टाकला. १९ जूनच्या पावसात तो वाहून गेला. दुरुस्ती सात दिवस टिकली. ‘तक्रार निकाली’ हा शेरा मात्र अजून टिकून आहे. खड्ड्यापासून चार पावलांवरचं पावसाळी गटाराचं तोंड मातीनं बुजलंय, म्हणून पाणी इथेच थांबतं आणि खड्डा दिसत नाही. शाळेच्या वेळेला दुचाक्या तो चुकवायला उजवीकडे वळतात, समोरून बस येत असते. प्रभागाच्या रस्ते विभागाला विचारणा: गटाराचं तोंड कोणत्या तारखेपर्यंत साफ होईल? खड्डा कडा कापून, पाणी काढून, थर दाबून कधी बुजवणार? हा रस्ता दोषदायित्व कालावधीत आहे का, आणि असेल तर १२ जूनचा मुरूम कुणाच्या खर्चानं पडला? आज २१ जून. ५ जुलैला पुन्हा मोजू आणि आकडे इथेच टाकू.”

इथे टोमणा एकच ठेवला आहे, शेरा टिकून असल्याचा. तोच का? कारण त्याच्या दोन्ही बाजू तपासता येतात आणि तो माणसाच्या रूपावर, जातीवर, पक्षावर जात नाही, तर एका निर्णयावर जातो. ‘होडी’ आणि ‘मालिश’ काढले. होडीमुळे विषय निवडणुकीकडे वळतो आणि कमेंटमध्ये दोन पक्षांचे कार्यकर्ते जुंपतात. मालिशच्या विनोदात मार खाणारा दुचाकीवालाच आहे, आणि त्या जागी उद्या कुणी दगावलं तर ती ओळ वाचवत नाही. बाकी धार दोन तारखा शेजारी ठेवल्यानं आली. १२ आणि १९ यांच्यामध्ये ‘निर्लज्ज’ घालून बघा, वाक्य लगेच मऊ पडतं. वाचणाऱ्यानं स्वतः काढायचा राग आपणच काढून बसतो.

‘पैसा खाणारे’ हेही गेलं. एक तर सिद्ध करता येत नाही, आणि नेमक्या माणसावर बेतलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ची, म्हणजे अब्रुनुकसानीची, नोटीस येऊ शकते. दुसरं, दोषदायित्वाचा प्रश्न त्याहून जास्त टोचतो. नव्या कामानंतर ठरावीक वर्षं रस्त्यातले दोष कंत्राटदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचे असतात. किती वर्षं, ते त्या कामाच्या करारात लिहिलेलं असतं. आरोप ‘निराधार’ म्हणून झटकता येतो, या प्रश्नाला मात्र हो किंवा नाही एवढंच उत्तर असतं. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. त्यात त्या रस्त्याचा कार्यादेश, दोषदायित्वाची मुदत आणि १२ जूनच्या कामाची मोजमाप पुस्तिकेतली नोंद मागा. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द अशी मर्यादा आहे, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘गेल्या दहा वर्षांत शहरात किती खड्डे’ असलं काही त्यात घालू नका, अर्ज तिथेच लटकतो.

कुणी पडून जखमी झालं असेल तर पोस्टपेक्षा कागद महत्त्वाचा. मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. तिथे ‘मालिश’ उपयोगी पडत नाही. जागा, वेळ, दवाखान्याचे कागद आणि आधीच्या तक्रारीचा क्रमांक लागतो.

हे सगळ्याच विषयांना लावायची गरज नाही. चौकाचौकात लटकणाऱ्या वाढदिवसाच्या फलकांवर खुशाल उपरोध करा, तिथे लाज वाटायला लावणं हेच काम असतं. पण जिथे विशिष्ट जागा आणि विशिष्ट खातं आहे, तिथे बिनपत्त्याचा टोमणा फुकट जातो. उलट टोकही टाळा. ‘आपण सगळेच जबाबदार आहोत, नागरिकांनीही विचार करावा’ असं लिहिलंत की पोस्ट प्रामाणिक दिसते आणि रस्ते विभाग निवांत झोपतो. गटाराचं तोंड साफ करणं नागरिकांचं काम नाही.

कमेंटमध्ये विनोद येणारच, येऊ द्या. ‘आमच्याकडे याहून मोठा आहे’ असं कुणी लिहिलं तर जागा आणि तक्रार क्रमांक विचारा. निम्मे लोक गप्प होतील, बाकीच्यांकडून यादी तयार होईल. ५ जुलैला नवी पोस्ट नको, जुन्याच पोस्टच्या वर तारीख घालून भर टाका, म्हणजे आधीचे आकडे शेजारीच राहतात. काम झालं असेल तर तेही तसंच लिहा: कडा कापल्या की नाही, गटार वाहतंय की नाही, पृष्ठभाग आजूबाजूच्या रस्त्याशी सपाट आहे की बशी राहिलीय. हार-तुऱ्यांची गरज नाही. आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर तीच पट्टी पुन्हा आडवी ठेवा.