दहा हजार वजा आत्या

"दहा हजार कुटुंबांचा विश्वास!" असं सोनेरी अक्षरांतलं पोस्टर पुतण्याने करून ठेवलं आणि माझ्या रविवारची वाट लागली. कोल्हापुरातल्या आमच्या वहिनींची मसाल्याची कंपनी लहान आहे. कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला, मेतकूट, एवढाच पसारा. हिशेब माझ्याकडे असल्यामुळे आभाराच्या पोस्टमधल्या आकड्यावर "फक्त नजर टाकायचं" काम माझ्याकडे आलं.

नजर टाकली. पुतण्याने दहा हजार हा आकडा ऑर्डर क्रमांकावरून घेतला होता. म्हणजे दर दीड महिन्याला पाव किलो मसाला नेणाऱ्या पुण्याच्या एका बाई त्याच्या पोस्टरवर एकट्याच अनेक कुटुंबं झाल्या होत्या.

त्यातून आधी परत आलेली पार्सलं काढली. पार्सल दारात आल्यावर पैसे द्यायची सोय असली की माणसं रात्री भूक लागल्यावर मसाला मागवतात आणि चार दिवसांनी फोन उचलत नाहीत. मसाला नागपूरची हवा खाऊन घरी येतो आणि जाण्यायेण्याचं भाडं आम्ही भरतो. आमच्या यादीत मात्र त्यांच्यापुढे "पाठवली" असंच राहतं. म्हणून तो शेरा मी बघितलाच नाही. पैसे खात्यात जमा झाले तीच ऑर्डर खरी. कुरिअरवाले गोळा केलेली रोकड काही दिवसांनी जमा करतात, त्यामुळे वाटेत असलेली पार्सलंही सोडली. नाहीतर आज आभार मानायचे आणि पुढच्या आठवड्यात माणसं कमी व्हायची. उरल्या 8,700 ऑर्डरी.

आता त्यांतली माणसं मोजायची. संगणकाला सांगितलं, वेगवेगळे मोबाइल नंबर मोज. त्याने 5,400 सांगितले. पण एकच गृहस्थ कधी नंबरापुढे +91 लावतात, कधी शून्य, कधी मध्येच मोकळी जागा सोडतात, आणि संगणकाच्या लेखी ते तीन गृहस्थ होतात. मोकळ्या जागा पुसून शेवटचे दहा अंक ठेवले, तेव्हा 5,130 झाले. त्यांतून आम्हीच तपासणीसाठी टाकलेल्या "टेस्ट टेस्ट, मु. पो. अबकड" छापाच्या ऑर्डरी आणि घरच्या मंडळींचे नंबर मिळून 110 वगळले. उरले 5,020.

"भावजी, निम्मी माणसं खाल्लीत की!" वहिनी म्हणाल्या.

पुतण्याने सुचवलं, पत्त्यावरून मोजू, निदान "कुटुंबं" तरी म्हणता येईल. करून पाहिलं. ठाण्याच्या एका सोसायटीतल्या कितीतरी जणांनी फ्लॅटचा नंबर न घालता नुसतं सोसायटीचं नाव लिहिलेलं, त्यामुळे अख्खी इमारत एका चुलीवर जेवू लागली. मोबाइलवरून मोजलं तर नवराबायको दोन ग्राहक होतात, हेही खरं. पण ही चूक लहान आहे आणि एका ओळीत सांगता येते.

खरा वाद झाला प्रदर्शनातल्या स्टॉलवरून. तिथं रोख देऊन पिशवी घेऊन जाणाऱ्यांचे नंबर आमच्याकडे नाहीत. "मग ती काय भुतं होती?" असं वहिनींनी विचारलं. भुतं नव्हती, पण ती किती होती आणि त्यांतली किती आधीच यादीत होती, हे कसं सांगणार? त्यांचे आभार मानायचे, त्यांना आकड्यात धरायचं नाही, यावर तह झाला.

पाच हजाराव्या ग्राहकाला मसाल्यांची पेटी द्यायचं ठरलं. पण पाच हजारावा कोण? ऑर्डरीच्या तारखेने एक, पैसे जमा झाल्याच्या तारखेने दुसराच. दुसरा नियम धरला, तर निघाली आमची आत्या! नवं सिमकार्ड घेऊन तिने मसाला मागवला होता. घरच्यांच्या यादीत तिचा जुना नंबर होता, नवा नव्हता. तिला वगळल्यावर एकूण 5,019 झाले, मान पुढच्याकडे गेला, आणि आत्या अजून माझ्याशी बोलत नाही.

शेवटी पोस्ट अशी गेली: "आजवर 5,019 मोबाइल नंबरांवरून आमचा मसाला मागवला गेला, घरी पोहोचला आणि त्याचे पैसे मिळाले. एका घरातले दोन नंबर असतील तर ते दोन धरले आहेत. यांतल्या 1,740 जणांनी पुन्हा मागवला. स्टॉलवर येणाऱ्यांची मोजदाद आमच्याकडे नाही. सगळ्यांचे मनापासून आभार." त्या 1,740 च्या ओळीवर पुतण्याचा जीव अडकला होता, बाकीचे परत का आले नाहीत असं लोक विचारतील म्हणाला. विचारू देत. मलाही तेच विचारायचं आहे.

संध्याकाळी साताऱ्याहून एका काकांचा फोन आला. "अहो, त्या पुन्हा मागवणाऱ्यांतून मला कमी करा. दुसरं पार्सल भाचीसाठी होतं."

वहिनींनी भाचीला तिखट सोसलं का, याची चौकशी सुरू केली. मी यादी उघडली.