चटणीचं वर्ष आणि बुरशीची लव

आमचं वर्ष एकतीस डिसेंबरला संपत नाही. मृगाचा पाऊस लागला आणि गच्चीवरची मिरची आत आली, की संपलं. तेव्हा यंदा चटणी नेलेल्या सगळ्यांचे आभार आत्ताच मानते.

पहिले आभार मुंबईच्या त्या ताईंचे. कोल्हापुरात कांदा-लसूण मसाल्याला आम्ही चटणीच म्हणतो, हे पाकिटावर लिहायचं मला सुचलंच नव्हतं. त्यांनी ती वाटीत काढली आणि फोन केला, "अहो, इडली बुडतच नाहीये!"

दुसरे आभार 'लालभडक हवी, पण तिखट नको' म्हणणाऱ्यांचे. आधी मी हसले. मग ब्याडगी आणि संकेश्वरी निम्मी-निम्मी घ्यायची सोडून तीन वाटे ब्याडगी, एक वाटा संकेश्वरी असं केलं. रंग ब्याडगीचा, ठसका संकेश्वरीचा, त्यामुळे जमलं. सासूबाईंनी मात्र त्या डब्यावर खडूनं 'पेशंटची' असं लिहून ठेवलंय.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. वळीव येणार म्हणून घाईघाईत बारा किलो चटणी डंकावर कांडून आणली आणि त्याच संध्याकाळी निम्मी पाकिटात भरली. रात्री हात भगभगायला लागले, म्हणून उरलेली जुन्या धोतरावर पसरून झोपले. तीन आठवड्यांनी पुण्याहून फोटो आला. चटणीवर पांढरी लव!

घरात लगेच कोर्ट भरलं. आरोपी कांदा. "कच्चा तळलास," सासूबाई म्हणाल्या. कांदा पुरता तळला की गार झाल्यावर कडकन मोडतो. वाकला, तर आत ओल आहे. माझा तर मोडत होता! पण बाजू कोण ऐकणार?

सुटका केली धोतरानं. घरात उरलेली पाकिटं फोडली, तर संध्याकाळी भरलेल्यांत लव होती आणि धोतरावर रात्रभर पडलेली चटणी अगदी ठणठणीत. कांदा तोच, मिरची तीच. डंकाखालून चटणी चांगली गरम निघते. गरमच बांधली, की तिची वाफ पाकिटात अडकते, आतून थेंब धरतात आणि तिथूनच बुरशी सुरू होते. डंकवाल्या मामांनी सांगितलं होतं, "वैनी, गरम हाय, आत्ता बांधू नगासा." मला वाटलं, हात भाजेल म्हणून सांगतायत.

त्या संध्याकाळची सगळी पाकिटं बदलून दिली. पुण्याच्या ताईंनी तर कुरिअरचे पैसेही घेतले नाहीत. बुरशी आलेलं पाकीट मात्र पुरावा म्हणून परत पाठवलं. आता चटणी रात्रभर पसरलेली असते आणि सकाळी सासूबाई हात घालून गार झाल्याचा निकाल देतात. त्यांच्या सहीशिवाय पाकीट बंद होत नाही.

मुंबईच्या ताईंचा परवा पुन्हा फोन आला. तीन किलो हवी म्हणाल्या. चटणीत कच्चं तेल कालवून इडलीला लावतात म्हणे. मी फोन ठेवला, तर सासूबाई तांदूळ-उडीद भिजत घालत होत्या.