बाईंना पत्र लिहिताना घ्यायची काळजी

मूल आजारी पडलं की डॉक्टर, आत्या, मावश्या आणि वरच्या मजल्यावरचे काका असे सगळे सल्ला घेऊन धावत येतात. बरं झाल्यावर वर्गशिक्षिकेला जे पत्र लिहायचं असतं, त्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. आमच्या चिरंजीवांना, इयत्ता सातवी, जुलैच्या मध्यावर कावीळ झाली आणि ऑगस्टचा दुसरा आठवडा उजाडेपर्यंत त्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही. परत जाताना बाईंना द्यायचं पत्र मी स्वतः लिहिलं. तीन पानं झालं. तेव्हा या विषयात चार शब्द सांगण्याचा अधिकार मला आहे असं मी समजतो.

पहिली गोष्ट, मुलाचं पूर्ण नाव, तुकडी आणि हजेरी क्रमांक पत्रात अजिबात घालू नका. ‘आमचा मुलगा’ एवढं पुरे. बाई तीन तुकड्यांना शिकवतात आणि एकेका तुकडीत साठ पोरं असतात हे खरं, पण आपला मुलगा वेगळा आहे हे त्यांना कळायलाच हवं. खाली सहीदेखील अशी करा की आडनावाचा पत्ता लागू नये.

मग आजार. आजाराचं नाव लिहायचं नाही. ‘प्रकृती अस्वास्थ्यामुळे’ हा शब्द आपल्या पूर्वजांनी काय उगाच शोधला? कावीळ म्हटलं की लोक उगीच प्रश्न विचारतात. ही कावीळ हिपॅटायटिस ए नावाच्या विषाणूची, दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरणारी. डोळे पिवळे व्हायच्या आधीचे साधारण दोन आठवडे मूल सर्वांत जास्त संसर्ग पसरवत असतं, आणि पिवळेपणा दिसल्यावरही आठवडाभर धोका राहतो. म्हणजे आपल्या घरात कुणाला काही कळायच्या आत चिरंजीव शेजारच्या पोराच्या बाटलीतून पाणी पिऊन, त्याच्या डब्यातली बटाट्याची भाजी चाखून मोकळे झालेले असतात. निदान झाल्याच्या दिवशीच बाईंना फोन करून आजाराचं नाव सांगितलं, तर त्या बाकीच्या पालकांना सावध करतील. मुलांना साबणाने हात धुवायला लावतील. एखादे पालक पोराला डॉक्टरांकडे नेऊन लसही देतील, कारण संपर्क आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ती दिली तर उपयोग होतो. एवढा सगळा गोंधळ आपल्या एका शब्दामुळे व्हायचा! त्यापेक्षा पहिले तीन आठवडे ‘जरा ताप आहे’ म्हणावं आणि शेवटी पत्रात ‘अंगात कसर होती’ असं लिहावं.

हां, आजाराचं नाव दडवायचं, पण दोष कुणाचा हे ठणकावून लिहायचं. मी दुसरं अख्खं पान शाळेच्या पाण्याच्या टाकीवर खर्च केलं. चिरंजीवांनी शनिवारी शाळेत पाणी प्यायलं आणि सोमवारी डोळे पिवळे झाले, याहून मोठा पुरावा कोणता? नंतर डॉक्टर म्हणाले की विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते सात आठवडे जातात, बहुतेकदा महिनाभर. मी बोटं मोजली. महिनाभर मागे गेलं की थेट मेहुण्याच्या घरच्या कार्यातलं पन्हं आणि त्यात तरंगणारा गाडीवरचा बर्फ येतो. ते पान मी तरीही काढलं नाही. अक्षर चांगलं आलं होतं.

उपचारांचं वर्णन मात्र सविस्तर हवं. बाईंना ते वाचायला वेळ नसतो ही अफवा आहे. सासूबाईंनी गळ्यात घातलेली कावीळ उतरवायची माळ, ती दिवसागणिक कशी लांबत गेली, हे मी मोठ्या रसाने लिहिलं. (माळेतल्या ओल्या काड्या वाळून आक्रसतात, दोऱ्याचे वेढे सैल पडतात आणि माळ लांबते, असं चिरंजीवांनीच मला सांगितलं. विज्ञानाचा एक महिना बुडूनही हे याला कुठून कळतं देव जाणे.) घरात हळद बंद, डाळ बंद, आंबा तर नजरेलाही नको, कारण पिवळं खाल्लं की पिवळेपणा वाढतो. या न्यायाने त्याला पांढरा भात भरवून गोरा करायचाही बेत होता. डॉक्टरांनी लिहून दिलेलं एवढंच होतं: विश्रांती, भरपूर पाणी, साधं ताजं जेवण आणि मनाने कुठलंही औषध द्यायचं नाही. एवढ्याने पत्र भरत नाही.

आता तारखा. इथे खरं कौशल्य लागतं. बाईंना हजेरीपटात दर दिवसाची नोंद करावी लागते, म्हणून त्यांना ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत’ असं हवं असतं आणि ते वैद्यकीय प्रमाणपत्राशी जुळावं अशी त्यांची भाबडी अपेक्षा असते. आपण लिहावं, ‘गेले बरेच दिवस’. आमचं प्रमाणपत्र १४ जुलै ते २ ऑगस्ट असं होतं आणि चिरंजीव शाळेत उगवले ११ ऑगस्टला. मधला आठवडा कुठे गेला? ६ तारखेला पुतणीचा साखरपुडा होता. मी त्याला ‘आत्यंतिक अशक्तपणा’ म्हटलं. साखरपुड्यात तिसरा गुलाबजाम तोंडात कोंबतानाचा अशक्त चिरंजीवांचा फोटो सौ.ने स्टेटसला ठेवला होता, आणि बाईंचा नंबर तिच्या फोनमध्ये आहे आणि तिचा बाईंच्या, हे आम्हा दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

प्रमाणपत्रं दोन असतात हेही विसरून जा. एकात आजार आणि विश्रांतीचा काळ असतो, दुसऱ्यात मूल आता शाळेत जायला तंदुरुस्त आहे असं लिहिलेलं असतं. शाळेला दुसरं जास्त हवं असतं. आपण त्याऐवजी रक्ताचे अकरा अहवाल, सोनोग्राफी आणि औषधांच्या दुकानाची बिलं जोडावीत. बिलिरुबिन किती होतं ते लाल पेनाने अधोरेखित करावं. बाई मराठी शिकवतात म्हणून काय झालं?

पुढे आणखी महिनाभर मूल लवकर दमतं, तेव्हा त्याला पीटीच्या तासाला पळवू नका, ही ओळ खरंतर पत्रात कामाची असते. ती लिहायची राहून जाते, कारण जागा माळेने खाल्लेली असते.

आणि आता मुख्य मुद्दा, नोट्स. वाक्य एकच: ‘कृपया सर्व विषयांच्या सर्व नोट्स लवकरात लवकर देण्याची व्यवस्था करावी.’ कुठला धडा, कुठला विषय, असं काही विचारलं तर आपण बुडालेल्या अभ्यासाची चौकशी केली होती असं दिसतं, आणि ते बरं दिसत नाही. हेच वाक्य रात्री अकरा वाजता वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकावं. मी टाकलं. सकाळपर्यंत एकशे चाळीस फोटो आले. निम्मे आडवे, काही उलटे, एकात वहीपेक्षा अंगठा मोठा. इतिहासाची स्वाध्यायाची उत्तरं पाच जणांनी पाठवली, पाचही एकाच गाइडातली. एका आईंनी पाठ्यपुस्तकाच्या पानांचे फोटो काढले होते. ते पुस्तक आमच्याकडे आहे, आणि नसतं तरी बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. पण मी हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं.

गणिताचे फक्त चार फोटो होते. या काळात वर्गात मसावि-लसावि आणि कोनांच्या जोड्या असे दोन धडे झाले होते आणि ११ तारखेला परिमेय संख्या सुरू होणार होत्या. आता भाषेचा धडा घरी वाचून समजतो, इतिहासाचं एखादं प्रकरण दिवाळीत वाचलं तरी इतिहास बदलत नाही. पण परिमेय संख्यांची बेरीज करायची तर छेद समान करावे लागतात आणि त्यासाठी लसावि काढता यावा लागतो. तो धडा गेला की पुढचाही गेला. म्हणजे शहाण्या माणसाने आधी तेवढाच धडा धरला असता. मी सुरुवात इतिहासापासून केली, कारण तिथे फोटो जास्त होते.

शेजारच्या ताईंची मुलगीही त्याच सुमारास आजारी होती, दुसऱ्या तुकडीत. तिलाही कावीळच. त्यांनी कसं पत्र लिहू नये याचा नमुनाच घालून दिला. मी तो चोरून वाचला, तो असा:

‘मा. वर्गशिक्षिका, सा. न. माझी मुलगी, इयत्ता सातवी ब, हजेरी क्र. २३, हिला कावीळ झाल्याचं मी १६ जुलैला आपल्याला फोनवर कळवलं होतं. ती १६ जुलै ते ५ ऑगस्ट गैरहजर होती. आजाराचं आणि तंदुरुस्तीचं अशी दोन्ही प्रमाणपत्रं सोबत जोडली आहेत. डॉक्टरांनी महिनाभर खेळ टाळायला सांगितलं आहे. बुडालेल्या धड्यांपैकी गणितातला लसावि आणि विज्ञानातल्या आकृत्या तिला एकटीला जमत नाहीत. एखाद्या मुलीची या दोन विषयांची वही शनिवारी मिळाली, तर सोमवारी सकाळी परत करू. बाकीचं ती पुस्तकावरून करते आहे. तिची राहिलेली घटक चाचणी कधी घेता येईल, तेही कळवावं. आपली विश्वासू.’

बस्स, एवढंच! ना माळ, ना टाकी, ना भावना. परिणामही तसाच झाला. बाईंनी दुसऱ्याच दिवशी दोन वह्या दिल्या, चाचणीची तारीख सांगितली आणि मधल्या सुट्टीत वीस मिनिटं बसवून लसावि शिकवला. पत्रावर पुन्हा चर्चा नाही, बोलावणं नाही. इतकं कोरडं नातं शाळेशी कशाला ठेवायचं?

मला मात्र बाईंनी दोनदा बोलावलं. पहिल्यांदा तारखांसाठी. गुलाबजामाचा विषय त्यांनी काढला नाही, फक्त ‘आता भूक लागते ना त्याला?’ असं विचारलं. दुसऱ्यांदा वह्यांसाठी. झालं असं की चिरंजीव दमतात म्हणून इतिहासाच्या चाळीस प्रश्नांची उत्तरं रात्री जागून मीच उतरवली होती. अक्षर मुद्दाम थोडं वाकडं काढलं, दोन ठिकाणी शुद्धलेखनाच्या चुकाही घातल्या. वहीच्या शेवटी लाल शाईत शेरा होता: ‘बाबांचा इतिहास पक्का झाला. आता मुलाकडून लसावि करून घ्यावा.’

काल रात्री बसलो दोघं. १२ आणि १८ चा लसावि चिरंजीवांनी २१६ काढला. मी तो बरोबर म्हणून तपासला. आज वही परत आली आहे, अजून उघडलेली नाही.