मैदा चिकटत नाही, तो फार लवकर पचतो

“मैदा आतड्याला चिकटून बसतो आणि तिथेच सडतो. शरीराला त्यातून काहीच मिळत नाही, म्हणून पोटभर खाऊनही दोन तासांत भूक लागते. ही भूक खोटी असते. अशा वेळी काहीही न खाता कोमट पाणी प्या आणि पुढच्या जेवणापर्यंत थांबा, आतडं साफ होईल.”

हा मजकूर माझ्या मावशीने खरा मानला, आणि मावशी इन्सुलिन घेते. म्हणून हे लिहायला बसलो.

आधी चिकटण्याचं बघू. मैदा पाण्यात शिजवला की खळ होते आणि तिने कागद चिकटतो, हे खरं. पण त्याच खळीत, ती कोमट झाल्यावर, थोडी लाळ घालून ढवळा. काही मिनिटांत ती पातळ होते आणि चिकटपणा जातो. लाळेतलं अमायलेज पिष्टाच्या लांब साखळ्या तोडतं. साखळ्या तुटल्या की खळ राहतच नाही. हे तोंडातलं झालं. पुढे जठरात आम्ल आणि घुसळण, आणि लहान आतड्यात स्वादुपिंडातून येणारं भरपूर अमायलेज. शिवाय आतड्याच्या आतल्या अस्तरावर बुळबुळीत श्लेष्म्याचा थर असतो आणि त्या अस्तराच्या पेशी साधारण ३ ते ५ दिवसांत झडून नव्या येतात. अशा जागी लेप बसेल कसा?

घडतं ते नेमकं उलट. गव्हातला कोंडा आणि अंकुर काढून उरलेलं पीठ इतकं बारीक असतं की पाचक रसांना अडवायला काही नसतं. त्याचं ग्लुकोज होऊन ते लहान आतड्याच्या वरच्या भागातच बहुतेक शोषलं जातं. पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारी जीएलपी-१ आणि पीवायवाय ही संप्रेरकं ज्या पेशींतून सुटतात, त्या मात्र आतड्याच्या खालच्या भागात जास्त असतात. अन्न वरच संपलं तर तिथे पोचणार काय? सोबत प्रथिनं असली तर जठर हळू रिकामं होतं आणि भूक जागवणारं घ्रेलिन जास्त वेळ दबून राहतं. चोथा असला तर अन्नाचं आकारमान वाढतं आणि पचन लांबतं. नुसत्या मैद्यात हे दोन्ही जेमतेम असतं.

“शरीराला काहीच मिळत नाही” याला उत्तर १९९५ मध्येच मिळालं आहे. सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट आणि सहकाऱ्यांनी ३८ पदार्थ तपासले. प्रत्येक पदार्थ २४० कॅलरी भरतील इतकाच दिला आणि पुढचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी पोट किती भरलेलं वाटतं ते विचारलं. पांढऱ्या ब्रेडला १०० धरलं, तर अंड्यांना १५०, सबंध गव्हाच्या ब्रेडला १५७ आणि उकडलेल्या बटाट्याला ३२३ गुण पडले. लोणीदार क्रोसाँ ४७ वर अडकला. कॅलरी सगळ्यांना सारख्याच मिळाल्या होत्या. फरक पडला तो पोट भरलेलं राहण्यात. २४० कॅलरींचा क्रोसाँ साधारण ६० ग्रॅम भरतो, तेवढ्याच कॅलरींचा बटाटा साडेतीनशे ग्रॅमच्या वर जातो. वजन, पाणी, प्रथिनं आणि चोथा जिथे जास्त, तिथे समाधान जास्त निघालं. प्रत्येक पदार्थाला माणसं मात्र डझनभरच होती, त्यामुळे आकडे तंतोतंत धरू नयेत.

भूक लवकर लागते, एवढं त्या मजकुरातलं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. काहींची साखर दोन-तीन तासांनी उपाशीपोटीच्या पातळीखाली घसरते आणि त्यांना भूक जास्त जाणवते. सगळ्यांचं तसं होत नाही.

आतडं साफ होण्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पाण्याने जठर थोडा वेळ ताणलं जातं, मग पाणी पुढे सरकतं.

पण “खोटी भूक” हा शब्द मला सहन होत नाही. जेवणाआधी घेतलेल्या झटपट इन्सुलिनचा असर ३ ते ५ तास चालतो. जॅम लावलेल्या पांढऱ्या ब्रेडची साखर मात्र अर्ध्या-पाऊण तासात वर जाते आणि दोन तासांत बरीचशी संपते. मागे इन्सुलिन काम करतच असतं, आणि साखर घसरत जाते. एकदम भूक लागणं, घाम, हातांची थरथर, धडधड ही त्याची खूण आहे. त्या वेळी पाणी पीत बसलं तर पुढे गोंधळल्यासारखं होतं आणि माणूस बेशुद्धही पडू शकतो. स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या काही गोळ्यांनीही असंच होतं.

अशी भूक लागली की आधी बोट टोचून साखर बघा. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे तीन-चार सपाट चहाचे चमचे, पाण्यात विरघळवून घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. अजून कमीच असेल तर तेवढंच परत. यंत्र हाताशी नसेल आणि खुणा असतील, तर मोजण्यासाठी न थांबता साखर घ्या. साखर वर आली आणि जेवणाला वेळ असला, तर अंडं किंवा उसळीसारखं प्रथिनांचं काहीतरी धान्यासोबत खा. हे वारंवार होत असेल तर डोस आणि नाश्ता दोन्ही डॉक्टरांना दाखवा. डोस स्वतःहून बदलू नका.