ओटीपी आला, पण रद्द झालेला

काल रात्री विम्याचा हप्ता भरायला बसलो. मुदत बारा वाजता संपणार होती आणि रेंजची जेमतेम एक दांडी दिसत होती. ११ वाजून ४२ मिनिटांनी ओटीपी मागितला, तीस सेकंद उलटी मोजणी झाली, एसएमएस आला नाही, म्हणून ‘पुन्हा पाठवा’ दाबले. मिनिटभराने एक आकडा आला, तो भरला, तर उत्तर आले: ‘ओटीपी चुकीचा आहे’. चुकीचा कसा? तुम्हीच पाठवलेला! आलेला ओटीपी पहिला होता आणि दुसरा मागताच या दीडशहाण्यांनी पहिला गुपचूप रद्द केला होता.

फोनला रेंज नसली की मोबाइल कंपनीचे संदेश-केंद्र एसएमएस साठवून ठेवते आणि काही वेळाने पुन्हा पाठवून पाहते, त्यामुळे संदेश उशिरा येणे हा काही चमत्कार नव्हे. मग मुदत असेपर्यंत पुन्हा मागणाऱ्याला तोच ओटीपी पाठवायला यांचे काय बिघडते? कोणताही संदेश आधी पोहोचला तरी काम झाले असते.

शेवटी ‘कॉलवर ओटीपी मिळवा’ हा पर्याय उगवला. अनोळखी नंबर वाजला, मी उचलला आणि फोन कानाशी नेईपर्यंत त्या यंत्रबाईंनी निम्मे आकडे इंग्रजीत उरकलेसुद्धा होते. मला ऐकू आले ते ‘सेव्हन, टू, नाइन’ एवढेच. त्यानंतर कॉल बंद. ‘ऐकायला तयार असाल तर एक दाबा’ एवढे एक वाक्य आधी घातले असते आणि आकडे सावकाश दोनदा वाचले असते, तर कॉलला काही अर्थ होता. शिवाय बटण दाबल्याशिवाय वाचायचे नाही असे ठरवले, की उचलला न गेलेला कॉल व्हॉइसमेलवर जाऊन तिथे ओटीपी ध्वनिमुद्रित होण्याचा धोकाही टळतो. आमच्या जुन्या हँडसेटवर कॉल आला की फोन २जीवर उतरतो आणि इंटरनेट थांबते. त्यामुळे कॉल संपवून ॲपमध्ये परत आलो, तेव्हा तिथे पुन्हा पहिलाच पडदा, मोबाइल क्रमांक विचारत उभा!

कॉलवरचा ओटीपी तिसराच होता, हे सांगायला नकोच. नंतर केलेले दोन अंदाज चुकले आणि खाते चोवीस तासांसाठी बंद झाले, म्हणजे संदेश यांचा उशिरा आला आणि शिक्षा मला.

संताप याचा, की संदेश पाठवतानाच त्याची मुदत नोंदवण्याची सोय असते आणि ती नोंदवली तर शिळा संदेश केंद्रच टाकून देते. तेवढेही यांनी केलेले नाही. कारण दुसरा ओटीपी आज सकाळी साडेसातला, चहा गाळत असताना आला: ‘पाच मिनिटांसाठी वैध. कोणालाही सांगू नका.’