हजारावर थांबत नाही, हजारावर आपटतं

"रिकर्शन म्हणजे डब्यात डबा, डब्यात डबा, शेवटच नाही. पायथन हजारावर स्वतःच थांबवतं म्हणून वाचतो. लूप असताना नवशिक्यांनी हे शिकूच नये."

हा मेसेज नाशिकच्या निम्म्या कॉलेज-ग्रुपांवर फिरून माझ्या भाचीपर्यंत पोचला आणि तिनं रिकर्शनचं प्रकरणच सोडून दिलं. म्हणून हे लिहितोय.

शेवट नसलेले डबे कुठे मिळतात? भांडीबाजारात एकात एक बसणाऱ्या डब्यांचा संच मागा. सगळ्यात आत एक लहान डबा असतो, त्यात आणखी डबा मावत नाही. तिथवर उघडत जायचं आणि मग आतून बाहेर एकेक झाकण लावत यायचं. मेसेज लिहिणारा झाकणं लावायची विसरला, आणि खरी गंमत तिथंच आहे. रिकर्शन, म्हणजे फंक्शननं आतून स्वतःलाच कॉल करणं, अगदी तसंच चालतं.

```python
def mojani(n):
    if n == 0:
        print("झालं")
        return
    print(n)
    mojani(n - 1)
    print("बंद", n)

mojani(3)
```

आधी 3, 2, 1 छापलं जातं, मग "झालं", आणि त्यानंतर बंद 1, बंद 2, बंद 3. शेवटच्या ओळीकडे नीट बघा. n कमी होत होत शून्यावर गेला होता ना, मग हा 3 आला कुठून? तो कुठे गेलाच नव्हता. प्रत्येक कॉलचा n वेगळा असतो. बाहेरचा कॉल आपला 3 धरून, आतलं काम संपायची वाट बघत उभा होता. आतले तीन कॉल परतले, तेव्हा त्याची उरलेली ओळ चालली.

आता हजाराचं. पायथनच्या अधिकृत दस्तऐवजात `sys` मॉड्यूलखाली स्पष्ट लिहिलंय की ही मर्यादा अनंत रिकर्शनमुळे स्टॅक, म्हणजे उघड्या कॉलांची नोंद राहते ती जागा, भरून पायथन कोसळू नये म्हणून आहे. म्हणजे तो ब्रेक नव्हे, फ्यूज आहे. `if`च्या तिन्ही ओळी काढून चालवा. 0, -1, -2 असे आकडे खाली जात राहतील आणि शेवटी `RecursionError` येईल. "बंद" एकदाही दिसणार नाही, कारण एकही कॉल नीट परतलेला नसतो. उलट `mojani(5000)` चुकीचं नसूनही तिथंच पडतं, कारण मोजली जाते ती एका वेळी उघड्या असलेल्या कॉलांची खोली. आणि `mojani(-2)`? `if` असूनही शून्य कधी लागतच नाही. तिथं `n <= 0` लिहावं लागतं.

राहिलं लूप. बरं, नुसती उलटी मोजणी करायची तर लूपच बरं, एवढं मान्य. पण फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर, आणि किती खोल ते आधी माहीत नाही, असं काम आलं की साध्या लूपमध्ये पुढे काय काय उघडायचं बाकी आहे याची यादी तुम्हालाच सांभाळावी लागते. रिकर्शनमध्ये ती पायथन सांभाळतं.