पोळी सोडून भाकरी धरली, तर फायबर किती वाढतं?

“गव्हाची पोळी आजच बंद करा. नाचणी, ज्वारी, बाजरीत गव्हाच्या तिप्पट फायबर असतं, त्यांनी साखर वाढत नाही आणि कुठल्याही रूपात खाल्ली तरी फायदा तोच,” असा सल्ला दिला जातो.

तिप्पट हे गुणोत्तर जुन्या तक्त्यांत खरंच सापडतं. त्यांत ‘क्रूड फायबर’ मोजलेलं असे. धान्याचा नमुना आधी सौम्य आम्लात आणि मग अल्कलीत उकळायचा आणि जे उरेल ते मोजायचं. या उकळण्यात विरघळणारं फायबर निघून जातं, न विरघळणाऱ्याचाही बराच भाग जातो. त्या मापाने शंभर ग्रॅम नाचणीत 3.6 ग्रॅम आणि गव्हात 1.2 ग्रॅम भरत असे. बाजरी मात्र तेव्हाही गव्हाइतकीच, 1.2 होती.

पुढे आपल्या पोटात न पचता जे पुढे सरकतं ते सगळं मोजायची पद्धत आली आणि चित्र बदललं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांत शंभर ग्रॅममागे नाचणीत सुमारे 11.2, बाजरीत 11.5, ज्वारीत 10.2 आणि कणकेत 11.4 ग्रॅम फायबर आहे. म्हणजे चौघं एकाच रांगेत. खरी दरी आहे ती पांढऱ्या तांदळाशी आणि मैद्याशी. दोन्हींत ते जेमतेम 2.8 ग्रॅम.

आता हे ताटात मांडून बघा. रात्री कुणी 75 ग्रॅम कणकेच्या पोळ्या खातं, म्हणजे साधारण साडेआठ ग्रॅम फायबर. त्याऐवजी तेवढ्याच पिठाची ज्वारीची भाकरी घेतली तर पावणेआठच्या आसपास. वाढ शून्य, उलट किंचित घट. पण तीच भाकरी 75 ग्रॅम तांदळाच्या भाताच्या जागी आली, तर दोनावरून पावणेआठ! दिवसाला साधारण तीस ग्रॅमचं लक्ष्य धरलं, तर एका जेवणात साडेपाच ग्रॅमची भर मोठी आहे. म्हणून माझं स्पष्ट मत: पोळी राहू द्या, एका वेळचा भात किंवा मैद्याचा नाश्ता बदला. अख्खी ज्वारी रात्रभर भिजवून कुकरमध्ये दाणा बोटाने चेपेल इतकी शिजवली, की फोडणी देऊन भातासारखी खाता येते. आणि भाकरी जमत नसेल तर थालीपीठ आहेच.

साखरेचं म्हणाल, तर या पिठांतही शंभर ग्रॅममागे साठ-सत्तर ग्रॅम कर्बोदकं असतात आणि त्यांची साखरच होते. किती वेगाने होते ते दाण्यावर ठरतं. अख्खा शिजवलेला दाणा किंवा जाडसर भरड हळू पचते, तर बारीक पिठाची पातळ पेज झरझर. मधुमेह असलेल्या कुणी घट्ट पोळी-भाजीऐवजी गूळ घातलेली नाचणीची पेज सुरू केली, तर साखर वर जाऊ शकते. घरी ग्लुकोमीटर असेल तर पडताळणं सोपं आहे: एक दिवस पोळी, एक दिवस भाकरी, पिठाचं वजन आणि भाजी तीच ठेवायची. जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी एकदा मोजायचं. औषधं मात्र त्या आकड्यांवरून स्वतःच कमी करू नयेत.

रूपाचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण फायबर आपल्याच हाताने फेकलं जातं. नाचणीचं सत्त्व करताना भिजवून वाटलेली नाचणी फडक्यातून गाळतात. चोथा फडक्यात राहतो आणि फायबरचा मोठा वाटा त्या चोथ्यातच असतो. खाली बसतो तो मुख्यतः स्टार्च. फायबर हवं असेल तर न गाळलेलं पीठच वापरा, आणि ज्वारीचं पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा टाकू नका. नाचणीच्या बिस्किटांचं वेष्टन उलटून घटक वाचा. ते वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. मैदा पहिला आणि नाचणी चौथी असेल, तर ते मैद्याचंच बिस्किट.

नाचणी गव्हाच्या कितीतरी पुढे आहे ती कॅल्शियममध्ये. शंभर ग्रॅममध्ये सुमारे 364 मिलिग्रॅम, कणकेत 31 च्या आसपास. नाचणी खायला हे कारण भक्कम आहे, पण ते ज्वारी-बाजरीला लागू नाही. त्यांचं कॅल्शियम गव्हाइतकंच.

आणि ‘आजच बंद करा’ ही घाई पोटाला मानवत नाही. आजवर भात आणि मैद्यावर असलेल्या माणसाने एकदम तिन्ही वेळा भाकरी सुरू केली तर पोट फुगतं, आणि पाणी कमी पडलं तर बद्धकोष्ठही होतं. पहिला आठवडा दिवसातून एकच वेळ, तीही अर्धी भाकरी आणि थोडा भात अशी घ्यावी. गॅसेस होत नाहीत असं दिसलं की पुढची अर्धी. बाजरीचं पीठ तर आठवडाभर पुरेल इतकंच दळून आणा. त्यात स्निग्धांश जास्त असल्याने ते लवकर खवट होतं. चिमूटभर जिभेवर ठेवून कडू लागलं, तर ती भाकरी भाजूनही कडूच लागणार.